चाळीस सेकंदांचा नकार

"आपण या अभ्यासासाठी पात्र ठरला नाहीत. वेळ दिल्याबद्दल आभार."

हे वाक्य मी बरीच वर्षं लिहीत होते. बाजार-संशोधनात माझं काम दोन गोष्टींचं होतं: स्क्रीनर लिहायचा आणि माणसं जमवायची. स्क्रीनर म्हणजे चाळणी. मुलाखतीला किंवा फोकस ग्रुपला, म्हणजे एका विषयावरच्या गटचर्चेला, कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणारी छोटी प्रश्नावली. ते आभाराचं वाक्य आमच्याकडे तयार ठेवलेलंच असे. दर वेळी तेच चिकटवायचं. वाचणाऱ्याला काय वाटतं, हा प्रश्न कधी पडला नाही. नोकरी सुटल्यावर थोडी हौस म्हणून आणि थोडं पैशांसाठी मी स्वतः अशा अभ्यासांना नावं नोंदवू लागले, आणि पहिल्याच आठवड्यात तेच वाक्य चार वेळा माझ्या पदरात पडलं. शब्दसुद्धा बहुतेक तेच.

पहिल्या नकाराला वाईट वाटलं, हे कबूल करते. आतलं सगळं ठाऊक असूनही वाटलं. आपण परीक्षा दिली आणि नापास झालो, अशी ती भावना असते. पण स्क्रीनर ही परीक्षा नसतेच. तो कोटा भरण्याचा हिशेब असतो, आणि त्या हिशेबात तुमच्या लायकीला फारशी जागा नसते. मी केलेल्या एका कामावरून सांगते, म्हणजे नीट कळेल.

घरी वापरायच्या प्रिंटरवर एक फोकस ग्रुप घ्यायचा होता. व्हिडिओ कॉलवर, दीड तासाचा, सहा माणसांचा. सहा हवीत म्हणून आम्ही आठ ठरवायचो, कारण आयत्या वेळी एखाद्याचं इंटरनेट बिघडतं, एखाद्याचं मूल आजारी पडतं, एखादा चक्क विसरतो. याला धंद्यात ओव्हर-रिक्रूट म्हणतात. या आठांत चार माणसं कंपनीचीच शाई विकत घेणारी हवी होती आणि चार बाहेरची स्वस्त शाई भरणारी. सगळ्यांनी गेल्या वर्षभरात प्रिंटर घेतलेला असावा आणि सहा महिन्यांत निदान दोनदा शाई बदललेली असावी, ही अट होती.

आता चाळणी कशी लागते ते बघा. आमचा अंदाज असा होता की शंभर माणसांना विचारलं तर वर्षभरात प्रिंटर घेतलेली बारा निघतील. दोनदा शाई बदललेली त्यातली निम्मी. त्यांतून कोणाच्या घरी कुणी जाहिरात कंपनीत किंवा प्रिंटरच्या दुकानात कामाला आहे, कोणी गेल्या महिन्यातच दुसऱ्या ग्रुपला बसून आलंय. हे गाळले की शंभरातले पाचच उरतात. आणि त्या पाचांतल्या निम्म्यांना नेमकी ती संध्याकाळ जमत नाही. म्हणजे आठ खुर्च्यांसाठी साधारण तीनशे वीस माणसांनी स्क्रीनर उघडायला हवा. पात्र माणसांच्या या प्रमाणाला आम्ही इन्सिडन्स म्हणत असू, आणि कामाची किंमत लावताना सगळ्यांत आधी तोच विचारत असू.

आता समजा स्वस्त शाईवाले चार आधीच भरले. पाचवा आला. माणूस अगदी हवा तसा, बोलका, वेळ असलेला. त्यालाही तेच आभाराचं वाक्य जातं. त्याला कारण कधीच कळत नाही, कारण कारण सांगितलं तर पुढच्या वेळी तो उत्तर बदलून येईल, ही भीती. ही भीती खोटी नाही. पण तिच्यामुळे दरवाजा तुमच्या तोंडावर का लागला, हे तुम्हाला कायम स्वतःच ओळखावं लागतं.

थोडं ओळखता येतं. पहिल्या दोन-तीन प्रश्नांत बाहेर पडलात तर मूळ अट जुळली नाही. घरात कोण कुठे काम करतं, या प्रश्नानंतर लगेच बाहेर पडलात तर तो सुरक्षेचा प्रश्न होता. स्पर्धक कंपनीच्या माणसाला आपलं नवं उत्पादन कोण दाखवेल? सगळी प्रश्नावली पूर्ण झाली, 'आम्ही कळवू' असं आलं आणि मग काहीच आलं नाही, तर बहुधा कोटा भरलेला असतो. नाहीतर तुमचं मोकळं उत्तर पसंत पडलेलं नसतं.

हे मोकळं उत्तर म्हणजे शेवटचा तो एकच प्रश्न, ज्याला खुणा करायच्या नसतात, लिहायचं असतं. 'प्रिंटरने शेवटचं कधी छळलं, ते तीन-चार वाक्यांत लिहा.' अनेकजण इथे 'ठीक चालतो' एवढंच लिहून पुढे जातात. आम्ही मात्र सगळा स्क्रीनर सोडून आधी तेच वाचायचो. कारण दीड तास चर्चा चालवणाऱ्या मॉडरेटरला या माणसाकडून शब्द काढायचे असतात. 'ठीक चालतो' म्हणणारा माणूस प्रामाणिक असेल, पण त्याला बोलावलं तर कॉलवर शांतता पसरते, आणि ती शांतता पडद्यामागे कॅमेरा बंद ठेवून बसलेला आमचा ग्राहक, म्हणजे अभ्यास करून घेणारी कंपनी, पैसे मोजून ऐकत असतो.

मुळात फोकस ग्रुप हा प्रकार जन्मला तोच 'का' विचारण्यासाठी. १९४१ सालच्या नोव्हेंबरात न्यू यॉर्कमध्ये पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाने रॉबर्ट मर्टन या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाला आपल्या रेडिओ-संशोधनाचं काम दाखवायला नेलं. समोर काही माणसं रेडिओचा ध्वनिमुद्रित कार्यक्रम ऐकत होती. काही आवडलं की हिरवं बटण, नावडलं की लाल. नंतर त्यांना कारणं विचारली जात. मर्टनला ती विचारण्याची पद्धत सदोष वाटली आणि तो तिथेच बसल्या बसल्या चिठ्ठ्या लिहू लागला. त्यातूनच पुढे त्याची 'फोकस्ड इंटरव्ह्यू'ची पद्धत उभी राहिली. लाल की हिरवं, हे यंत्राला कळत होतं. लाल का, हे माणसाने सांगावं लागत होतं. आजही पैसे त्या 'का'चेच मिळतात. नुसती खूण करून देणाऱ्या सर्वेक्षणाला किरकोळ रक्कम आणि तासभर बोलणाऱ्याला बरी रक्कम, हा फरक तिथून आलेला आहे.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. वर म्हटलं, तीनशे वीस माणसं स्क्रीनर उघडतात. आमचा स्क्रीनर पुरा भरायला सात मिनिटं लागत. मोबदला मिळतो तो आठांना; उरलेल्या तीनशे बारा जणांच्या वेळेचं काय? उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून असतं. प्रिंटरचा प्रश्न कितव्या क्रमांकावर आहे?

तो पहिला ठेवला तर दोनशे ब्याऐंशी माणसं एका मिनिटात मोकळी होतात. उरलेल्या अडतीसांचे सात-सात मिनिटं धरले तरी सगळ्यांचे मिळून साधारण नऊ तास होतात. तोच प्रश्न शेवटी ठेवला, आधी वय, शिक्षण, उत्पन्न, घरात किती माणसं, कोणत्या वस्तू, कोणते ब्रँड हे सगळं विचारून घेतलं, तर तीनशे वीस गुणिले सात. सदतीस तासांहून जास्त. ग्रुप तोच, आठ माणसं तीच, प्रश्नसुद्धा तेच. फक्त क्रम उलटा केला आणि अनोळखी लोकांचे अठ्ठावीस तास फुकट गेले.

आणि असे उलटे स्क्रीनर नेहमीच चुकून होत नाहीत. बाहेर काढायच्या आधी माणसाकडून जेवढी माहिती मिळते, ती कोणाच्या तरी यादीत जमा होते. मीही एकदा तसं केलंय. ग्राहकाने सांगितलं, 'जाता जाता ब्रँडबद्दलही विचारून घ्या ना', आणि मी विचारून घेतलं. ती प्रश्नावली अकरा मिनिटांची झाली. त्यात सर्वेक्षणाचं काम फुकटात उरकलं होतं, हे तेव्हा मला खटकलं नाही. आता मी पलीकडे बसून उत्पन्नाचा रकाना भरते तेव्हा खटकतं.

म्हणून आता माझा स्वतःचा नियम असा: पाच मिनिटांपर्यंतचा स्क्रीनर फुकट भरायला हरकत नाही. नोकरीचा अर्ज भरायचेही कोणी पैसे देत नाही. दहा मिनिटं उलटली आणि अजून मूळ विषय विचारलेला नाही, तर खिडकी बंद करायची. दहा मिनिटांहून लांब चाळणी लावायची असेल तर तिचे वेगळे पैसे द्यावेत, मग माणूस निवडला जावो न जावो. काही ठिकाणी देतातही.

इथे एक मोह असतो. प्रिंटर घेतलेला नाही, पण यादीत प्रिंटर दिसतोय, तर खूण करून टाकू. यादीत दहा वस्तू मुद्दाम घातलेल्या असतात, नेमकी कुठली हवी हे कळू नये म्हणून. तरी अंदाज येतो. हा मोह का टाळावा, याचं नीतीपेक्षा व्यवहाराचं कारण सांगते. ब्रँडच्या यादीत आम्ही एक नाव स्वतः रचून घालायचो. 'हा मी वापरतो' अशी खूण त्याच्यापुढे आली की त्या माणसाची बाकी उत्तरं कोणी वाचतसुद्धा नसे. त्यातून सुटलाच तर फोनवर पुन्हा तपासणी होई, आणि तेच प्रश्न उलट्या क्रमाने विचारले जात. एका गृहस्थांनी तीही पार केली. कॉलवर मॉडरेटर म्हणाल्या, "तुमचा प्रिंटर जरा कॅमेऱ्यासमोर धरता का? शाईचं झाकण कसं उघडता ते बघायचंय." गृहस्थ उठले, बराच वेळ गायब झाले आणि परत येऊन म्हणाले, "दुरुस्तीला दिलाय, विसरलोच." मॉडरेटर हसल्या नाहीत, मला मात्र आवाज बंद करावा लागला. त्या गृहस्थांचं नाव यादीतून गेलं ते कायमचं. खोटं बोलून एका ग्रुपचे पैसे मिळतात आणि पुढच्या दहांचे जातात.

आता दराकडे येते. निमंत्रणात लिहिलेलं असतं, 'एका तासाचे इतके'. तो आकडा खरा असतो आणि तरी फसवा असतो. गेल्या वर्षी मी तीन महिने वहीत मिनिटं टिपली. चलन कोणतंही घ्या. तासाच्या बोलण्याला १०० मिळतात असं धरू.

तीन महिन्यांत एकेचाळीस स्क्रीनर भरले, सरासरी सहा मिनिटं, म्हणजे २४६ मिनिटं. पाच वेळा फोनवर फेरतपासणी झाली, ४० मिनिटं. निवड तीनदा झाली. त्यातली एक आदल्या दिवशी रद्द झाली. तिच्यासाठी कॅमेरा-माइक तपासायला पंधरा मिनिटं दिली होती, ती गेली. उरले दोन. एक तासाभराची एकटीची मुलाखत, १०० मिळाले. दुसरा दीड तासाचा ग्रुप, १५० मिळाले. पण त्याआधी तीन दिवस रोज नोंदी लिहून फोटो पाठवायचे होते, त्यात ४५ मिनिटं गेली. दोन्ही कॉलच्या आधी यंत्रतपासणी पंधरा-पंधरा मिनिटं, आणि दोन्ही वेळा दहा मिनिटं आधी येऊन बसायचं. शेवटी एका मोबदल्यासाठी तीन मेल लिहावे लागले, चोवीस मिनिटं. बेरीज ५७० मिनिटं, साडेनऊ तास. मिळाले २५०. तासाला सव्वीस.

शंभराचे सव्वीस झाले ते कोणी बुडवले म्हणून नव्हे. सगळे पैसे मिळाले. फक्त मीटर बोलण्यापुरतंच चालू होतं.

या साडेनऊ तासांचे मी दोन ढीग केले. एक, निवड झाल्यावर त्यांनी मागितलेला वेळ: बोलणं, गृहपाठ, तपासणी, आधी येऊन बसणं. तो चार तासांच्या जरा वर. दुसरा, निवडीच्या खटपटीत, रद्द झालेल्या कॉलमध्ये आणि पैशांच्या पाठपुराव्यात गेलेला, जवळपास साडेपाच तास. पहिल्या ढिगाचा हिशेब कंपनीने द्यायलाच हवा, यात मला काही वाद दिसत नाही. मागितलेला प्रत्येक मिनिट तिने मागितलाय. दीड तासाच्या ग्रुपला १५० म्हणजे तासाला १०० नव्हे. गृहपाठ, तपासणी आणि वाट पाहणं धरून दोन तास चाळीस मिनिटांचे १५०, म्हणजे तासाला छप्पन्न. निमंत्रणाला हो म्हणण्याआधी मी आता हाच भागाकार करते आणि माणसं जमवणाऱ्या रिक्रूटरला सरळ विचारते, "गृहपाठ किती, आधी किती वेळ यायचं, आणि कॉल लांबला तर?" चांगला रिक्रूटर या प्रश्नाने चिडत नाही.

दुसऱ्या ढिगाचं मात्र अवघड आहे. तो कोणा एका कंपनीचा नाही, चाळीस वेगवेगळ्या दारांवर सांडलेला आहे. त्याची भरपाई दरातूनच व्हायला हवी. माझ्या वहीप्रमाणे मागितलेल्या एका तासामागे सव्वा तासाहून जास्त खटपटीत गेला. म्हणून मी धरते ते असं: मागितलेल्या सगळ्या वेळेने मोबदल्याला भागल्यावर येणारा दर माझ्या एरवीच्या कामाच्या तासाच्या दुप्पट असावा. त्याहून कमी असेल तर ते काम हौसेचं, कमाईचं नाही. हौसेलाही माझी ना नाही. प्रिंटरवर दीड तास मनसोक्त चिडायला मिळणं ही काही छोटी गोष्ट नाही.

मग जितका जास्त तितका बरा, असं आहे का? मला तसं वाटत नाही, आणि हे रिक्रूटर म्हणून बोलते. एका कामाला मोबदला नेहमीच्या तिप्पट ठेवला होता. दोन दिवसांत अर्जांचा पूर आला आणि रचलेल्या ब्रँडवर खुणा करणारे एरवीपेक्षा कितीतरी जास्त निघाले. फार कमी ठेवला की दुसरंच होतं: ज्यांच्याकडे वेळच वेळ आहे तेवढीच माणसं येतात आणि ग्राहक त्यांच्या मताला सगळ्यांचं मत समजून बसतो. दुर्मीळ माणसाला जास्त द्यावंच लागतं. शंभरात पाच सापडणाऱ्याला आणि हजारात एक सापडणाऱ्या शल्यचिकित्सकाला एकच दर चालत नाही. त्याच्या तासाची किंमत त्याच्या व्यवसायाने आधीच ठरवलेली असते. पण एकाच ग्रुपमधल्या माणसांना वेगवेगळे पैसे देणं मला पटत नाही. शेवटची एक खुर्ची भरेना की दर वाढवायचा आणि तो फक्त शेवटच्यालाच द्यायचा, ही खोड धंद्यात आहे. एकदा ग्रुप सुरू व्हायच्या आधी दोघींनी गप्पांत एकमेकींना आकडे सांगितले. पुढचा दीड तास पहिली बाई एकेका शब्दात उत्तरं देत होती.

ओव्हर-रिक्रूटचे दोघं राहिलेच की. सहा खुर्च्या भरल्या आणि सातवा-आठवाही वेळेवर आला, तर त्यांना परत पाठवतात. आम्ही त्यांना पूर्ण मोबदला द्यायचो. ते वेळेवर आले होते, जास्तीची माणसं आम्ही बोलावली होती. मी स्वतः सातवी झाले तेव्हा बारा मिनिटं प्रतीक्षेच्या पडद्यासमोर बसवून एका संस्थेने निम्मे देऊ केले. मी लिहिलं की ठरलेली वेळ मी राखली आहे, पूर्ण द्यावेत. दिले. मागितल्याशिवाय दिले नसते, एवढं मात्र त्या उत्तराच्या वेगावरून कळलं.

ज्यांच्याशी बोलायचंच नाही ते वेगळे. नोंदणीचे पैसे मागणारे, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून 'उरलेले परत करा' म्हणणारे (चेक नंतर वटत नाही आणि परत केलेले पैसे तुमचेच असतात), आणि कॉलच्या शेवटी काही विकायला काढणारे. संशोधनाच्या नावाखाली विक्री करणं ईसोमार या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेतही बसत नाही. पैसे तुमच्याकडे येतात; तुमच्याकडून कशासाठीही जात नाहीत.

परवा एक स्क्रीनर आला. विषय लिहिला नव्हता, तासाचा आकडा बरा होता. पहिला प्रश्न: 'यातल्या कोणत्या वस्तू तुम्ही गेल्या सहा महिन्यांत घेतल्या?' नऊ वस्तू होत्या, मी दोनांवर खूण केली. दुसरा प्रश्न आलाच नाही. तेच वाक्य आलं, पात्र ठरला नाहीत, आभार. मी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं: चाळीस सेकंद. मग ज्याने तो लिहिला असेल त्याचं नाव खाली कुठे दिसतंय का, ते शोधलं. नव्हतं. आमचीही नसत.